मदत हवी आहे: खोगीर उतरवलं की घोडी वाळूत लोळते, अडवू की लोळू देऊ?

मळ्याची_वाट: नमस्कार. आम्ही खानापूरजवळ राहतो. तीन महिन्यांपूर्वी सहा वर्षांची घोडी घेतली. धाकटा दीर रोज सकाळी तिला तासभर फिरवून आणतो. खोगीर काढलं की ती थेट बांधकामाच्या वाळूच्या ढिगाकडे जाते. वाळू हुंगते, पायानं उकरते, गुडघे मोडून बसते आणि चारी पाय वर करून पाठ घासते. मिनिटभरात उठून अंग झाडते. सासरे म्हणतात पोटात दुखतंय, आतडं पिळेल. दोनदा त्यांनी काठी दाखवून उठवलं. मला ते बघवत नाही. खरं काय?

तांबडी_माती: ताई, गोचीड मारायला लोळतात. माती अंगात गेली की गोचीड गुदमरून गळतात. लोळू दे खुशाल.

दुधगंगाकाठ: आमची म्हैस पण दुपारी डबक्यात असंच करते, बाहेर यायलाच बघत नाही. उन्हाचा त्रास असेल. पाणी मारून बघा.

जुना_पागेवाला: म्हशीचं वेगळं दादा, ती अंग गार करायला चिखलात बसते. घोड्याची कोरडी माती शोधायची कारणं दुसरी. आणि मातीनं गोचीड मरत नाही, ती हातानंच काढावी लागते. धुळीचा थर असला की माशा मात्र कमी चावतात, तेवढं बरोबर.

ताई, खोगिराखाली तासभर घाम कोंडतो, केस दबून चिकटतात, तंगाखाली तर जास्तच. घाम वाळायला लागला की खाज सुटते, आणि पाठीला ना तोंड पोचतं ना पाय. वाळू घाम शोषते, केस उभे करते. म्हणून लोळणं. उठल्यावर अंग झाडणं ही मला सगळ्यात महत्त्वाची खूण वाटते. पोट दुखणारं जनावर बहुतेक वेळा झाडत नाही. ते उठतं, परत पडतं, कुशीकडे वळून बघतं, पोटाला लाथ मारतं, चारा सोडतं, लीद थांबते.

आता एक काम करा. उद्या खोगीर काढल्या काढल्या, लोळायच्या आधी, पाठ नीट बघा. घामाचा ओला ठसा दोन्ही बाजूंना सारखा आहे का?

निपाणीकर_शर्यतवाला: सासऱ्यांना वेड्यात काढू नका. शर्यतीनंतर आमचा घोडा असाच पडला, आम्ही म्हटलं लोळतोय. तो उठला, परत पडला, पाचव्यांदा कण्हायला लागला. जबड्याखालची नाडी पंधरा सेकंद मोजून चारनं गुणली तर 68 आली. शांत उभ्या घोड्याची 28 ते 44 असते. डॉक्टर येईपर्यंत एकानं बाटलीनं तेल पाजायला घेतलं, ते फुफ्फुसात गेलं असतं. डॉक्टरांनी आल्यावर तेच सांगून झापलं. घोडा वाचला.

जुना_पागेवाला: अगदी बरोबर. तेल बाटलीनं कधीच नाही, लागलं तर डॉक्टर नळीनं पोटात घालतील. नाडी 60 च्या वर राहिली तर वाट बघायची नाही.

मळ्याची_वाट: आज बघितलं. ठसा सारखा नाही! मानेच्या मुळाशी उंचवटा असतो ना, त्याच्या मागं डाव्या बाजूला तळहाताएवढी जागा कोरडी होती. भोवती सगळं ओलं.

जुना_पागेवाला: हेच शोधत होतो. कोरड्या जागेचे दोन अर्थ असतात. एक तर तिथं खोगीर इतकं दाबतंय की घामच येत नाही, नाहीतर ते तिथं टेकतच नाही. कसं ओळखायचं? खालचं कापड न घालता खोगीर ठेवा, तंग हलका आवळा आणि पुढून हात आत सरकवा. हात चिमटला तर दाब, सैल फिरला तर पोकळी. मग बोटांनी तीच जागा दाबत जा. घोडी पाठ खाली करते, कान मागं टाकते का? पुढं तिथं पांढरे केस उगवले तर दाब जुना समजा.

मळ्याची_वाट: हात चिमटला, काका! दाबल्यावर तिनं शेपटी झटकली आणि बाजूला सरकली. डाव्या गादीतला भुसा एका जागी गोळा झालाय.

जुना_पागेवाला: मग ती गादी उकलून भरून घ्या आणि जागा मऊ होईपर्यंत स्वार बसवू नका. लोळणं त्यामुळंच होतं असं मी म्हणणार नाही, चांगल्या खोगिराखालचाही घोडा लोळतो. पण पाठ दुखत असली तर घासण्याची ओढ जास्त असणार. वाळूत खडी, खिळे, काच बघा. ढीग भिंतीला लागून असेल तर तिला तिथून हलवा, पाय भिंतीत अडकले तर उठता येत नाही. खोगीर मात्र आल्याबरोबर काढा, चढवलेलं ठेवून सोडली तर त्याच्यासकट लोळेल आणि खोगिरातलं लाकूड मोडेल. लोळून झाल्यावर खरारा करा.

मळ्याची_वाट: ढीग भिंतीलाच होता, आज मोकळ्या जागी ओढून घेतला. सासऱ्यांनी काठी बाजूला ठेवली, पण आता ते लोळताना शेजारी उभे राहून लीद पडली का ते बघतात. एक राहिलं: ती नेहमी उजव्या कुशीवरच लोळते, पलीकडे उलटत नाही. असं का?

तांबडी_माती: आमच्याकडे म्हणतात, पूर्ण उलटणारा घोडा दमदार.

जुना_पागेवाला: मी दमदार घोडे एका कुशीवर लोळताना बघितलेत आणि दमलेले पूर्ण उलटताना. डावी पाठ दुखत असल्यानं ती त्या बाजूवर जात नसेल, असं होऊ शकतं. गादी भरून झाल्यावर पंधरा दिवसांनी परत बघा आणि इथं सांगा.