टिक बघून तंबूच्या बुकिंगचे पैसे भरावेत का?

पंचवटीकर: सिंहस्थात पाहुण्यांसाठी तंबू हवाय. यूट्यूबवर एक चॅनल आगाऊ बुकिंग घेतंय, चॅनलला टिक आहे. म्हणजे खात्रीचं समजून पैसे भरायला हरकत नाही ना?

मेनरोडवाला: माझ्या मते हरकत नाही. १ लाख सबस्क्रायबर झाल्याशिवाय टिकेसाठी अर्जच करता येत नाही. एवढं उभं केलेला माणूस तंबूच्या चार पैशांसाठी नाव घालवणार नाही. शिवाय यूट्यूब सगळं तपासूनच टिक देतं.

गोदाकाठ: १ लाखाचं बरोबर आहे, दादा. पण ‘सगळं तपासून’ हे चूक. चॅनल ज्याचं म्हणवतं त्याचंच आहे का, माहिती, फोटो भरलेत का, चालू आहे का, एवढंच बघतात. साधुग्रामजवळ त्याचे तंबू खरंच आहेत का, जागेची परवानगी आहे का, हे कोणी बघत नाही. आणि बाहेर नावाजलेली संस्था असेल तर १ लाखाच्या आतही यूट्यूब स्वतःहून टिक देऊ शकतं, त्यामुळे टिकेवरून आकडाही पक्का कळत नाही.

पंचवटीकर, आधी ती टिक खरी का ते बघा. खरी टिक करडी असते आणि चॅनलच्या नावाला लागून येते. कंप्युटरवर तिच्यावर माउस नेला की `Verified` अक्षरं दिसतात. मग ब्राउझरच्या टॅबवरचं नाव वाचा. तिथे यूट्यूबची टिक येत नाही, नुसतं नाव येतं. तिथेही टिक दिसली तर ती नावातच टाइप केलेली आहे.

निफाडकर: आमच्या द्राक्षांच्या चॅनलला मोबाईलवर कोड मागवून व्हेरिफाय केलंय, तरी टिक नाही आली. परत करावं लागतं का?

गोदाकाठ: ते वेगळं, काका. `youtube.com/verify` वर फोन नंबर दिला की १५ मिनिटांपेक्षा मोठा व्हिडिओ टाकता येतो. टिकेचा त्याच्याशी संबंध नाही.

सिडकोची ताई: मला गोदाकाठ यांचं म्हणणं धोक्याचं वाटतं. घरातली म्हातारी माणसं टॅब आणि माउस बघत बसणार नाहीत. त्यांना एकच नियम सांगायला हवा: टिक नाही, तर पैसे नाहीत. निम्मे भामटे तिथेच गळतील.

गोदाकाठ: ताई, काळजी पटते, पण हा नियम दोन्हीकडून फसतो. समजा, एका चांगल्या चॅनलनं ‘नाशिक दर्शन’ बदलून ‘नाशिक सिंहस्थ दर्शन’ नाव घेतलं. नाव बदललं की टिक जाते, परत अर्ज करावा लागतो. हँडल, म्हणजे `@` लावून येणारं नाव, बदललं तर जात नाही. म्हणजे खरा माणूस तुमच्या नियमात बाद झाला.

दुसरीकडे, चोराच्या हाती चॅनल गेलं आणि त्यानं नावाला हात लावला नाही, तर टिक तशीच राहते. लॉगिनच्या कुकी चोरल्या की पासवर्डही लागत नाही, दोन टप्प्यांची सुरक्षाही आड येत नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचंच चॅनल हॅक होऊन त्यावर क्रिप्टोचे व्हिडिओ दिसले होते. तंबूच्या चॅनलवर तर व्हिडिओखालचा क्यूआर बदलला तरी पुरे. चॅनल सुरू झाल्याची तारीखही जुनीच दिसत राहणार.

मेनरोडवाला: म्हणजे टिकेला काहीच अर्थ नाही?

गोदाकाठ: आहे ना. एकाच नावाची दहा चॅनल असू शकतात, त्यात मूळ कोणतं हे ओळखायला टिक कामाची. पैसे कुठल्या खात्यात जाणार, हे ती सांगत नाही. क्यूआर स्कॅन केल्यावर जे नाव येतं ते संस्थेचं आहे की भलत्याच माणसाचं, हे पिन टाकण्याआधी वाचा.

पंचवटीकर: आत्ता बघितलं. टिक नावापुढे नाहीच, गोल फोटोच्या कोपऱ्यात आहे, निळी. माउस नेला तर काही येत नाही. त्याच नावाचं आणखी एक चॅनल सापडलं, टिक नसलेलं. ते खरं का?

गोदाकाठ: निळी टिक फोटोत रंगवलेली आहे, तिथे पैसे भरू नका. दुसरं खरं, असं मात्र त्यावरून ठरत नाही. संस्थेची वेबसाइट वेगळी शोधा आणि तिथल्या दुव्यावरून चॅनल उघडा, चॅनलवरून वेबसाइट नको. चॅनल महापालिकेचं नाव सांगत असेल तर `nmc.gov.in` वरून सुरुवात करा. दुवा मिळाला की हँडल अक्षर अक्षर जुळवा, एखादी जादा `_` सहज नजरेतून सुटते.

सिडकोची ताई: हे सगळं माझ्या सासूबाईंना कोण करून देणार? मी माझा नियम सोडत नाही.

निफाडकर: मग आमच्यासारख्या टिक नसलेल्यांकडून द्राक्षं कोणी मागवायचीच नाहीत का, ताई?