सल्ला हवा: जुना सागवानी पलंग विकायचाय, जाहिरातीचं शीर्षक कसं लिहू?

आर्वीची_ताई
नमस्कार. आमचं गाव आर्वी-पुलगाव रोडला लागून आहे. घरचा मोठा पलंग काढायचाय. ॲपवर टाकलं होतं: "घरगुती वापरातला मजबूत देखणा पलंग त्वरित विकणे आहे". फोन येतात ते नागपूर-अमरावतीचे. गाव ऐकलं की "एवढ्या लांब?" म्हणून ठेवून देतात. बाकीचे नुसतं "साईज काय?" विचारतात अन् गायब. शीर्षकाला 70 अक्षरांची मर्यादा आहे. त्यात काय काय बसवू?

वऱ्हाडी_पोट्टा
ताई, ॲपच्या मागं काऊन लागता? बाजाराच्या दिवशी सुताराले सांगून ठेवा, घरी येऊन घेऊन जाते.

आर्वीची_ताई
सुतार लाकडाच्या भावात मागतो, भाऊ. मला पलंग म्हणूनच विकायचाय.

रंधा_पटाशी
मी जुनं फर्निचर दुरुस्त करून विकतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. मजबूत, देखणा, त्वरित हे शब्द कोणी शोधत नाही. ते काढले की जागा होते. आणि ॲप अक्षरं मोजतं तेव्हा काना, मात्रा, वेलांटी, हलन्त सगळं वेगळं धरतं. "त्वरित" डोळ्याला तीन अक्षरी दिसतो, मोजणीत सहा जातात.

आता मला दोन गोष्टी सांगा. पूर्ण सागवान आहे की फक्त खूर-गाते सागवानी? आणि माप कुठून घेतलं?

आर्वीची_ताई
खूर, गाते अन् डोक्याकडची फळी सागवानी. गादीखाली प्लाय आहे. बाहेरून साडेसहा बाय सव्वापाच फूट. लग्नात केला होता, 2009 मध्ये.

रंधा_पटाशी
मग "सागवान पलंग" लिहू नका, "सागवान फ्रेम" लिहा. येणारा माणूस गादी उचलून खाली बघतोच. प्लाय दिसला की तो दारातच भाव पाडतो, आणि मग तुमच्या बाकीच्या बोलण्यावरही त्याचा विश्वास राहत नाही.

माप आतलं द्या. घेणाऱ्याकडे गादी आधीच असते, ती बसते का एवढंच त्याला बघायचं असतं. तुमची फळी दीड इंचाची असेल तर दोन्ही बाजूंचे मिळून तीन इंच वजा करा. बाहेरून 78 बाय 63 इंच, म्हणजे आत 75 बाय 60. हे गादीचं नेहमीचं माप आहे, दुकानात सव्वासहा बाय पाच म्हणतात. तरी टेप आतून लावून खात्री करा, जुन्या पलंगात फळ्या झुकलेल्या असतात. बाहेरचं माप खाली वर्णनात टाका, दारातून अन् छोट्या हत्तीत न्यायला ते लागतं. खूर-गाते सुटे होत असतील तर तेही तिथंच लिहा.

दिग्रसची_मावशी
वय मात्र लिहू नये गं. जुनं म्हटलं की भाव पडतो. मी सोफ्याच्या वेळी लिहिलं होतं, अर्ध्यावर मागायला लागले.

रंधा_पटाशी
मावशी, सोफ्याचं बरोबर आहे. त्यातला फोम बसतो, म्हणून वय नडतं. सागवानाचं तसं नाही. ते मुरलेलं असतं, आता वाकायचं नाही. फक्त "15 वर्षं जुना" न लिहिता "2009 चा" लिहा. जाहिरात वर्षभर पडून राहिली तरी खोटी ठरत नाही, अन् अक्षरंही वाचतात. प्लाय मात्र खालून टोचून बघा. उधई लागली असेल तर टोक आत जातं. तसं असेल तर प्लाय बदलूनच विका.

गढीवरचा
आमच्याकडे लोखंडी आलमारी आहे, आरसा फुटलाय. तिला काय लिहू?

वऱ्हाडी_पोट्टा
भाऊ, तुमचा वेगळा धागा काढा न. ताईचं होऊ द्या.

आर्वीची_ताई
गावाचं नाव टाकू का?

रंधा_पटाशी
शीर्षकात नको. वडगाव, पिंपळगाव तालुक्या-तालुक्याला आहेत, वाचणाऱ्याला भलतंच वाटतं. रस्ता लिहा. त्या रस्त्यावरून रोज जाणारा माणूसच तुमचं खरं गिऱ्हाईक. नकाशावरची खूण मात्र आपल्या घरावरच ठेवा. जास्त लोकांना दिसावी म्हणून नागपूरवर ठेवली असेल, तर ते लांबचे फोन तिथूनच येत असतील. माझ्या मते असं करा:

सागवान फ्रेम पलंग बेड 6.25×5 फूट, 2009 चा, आर्वी-पुलगाव रोड

मोजून 59. "पलंग" अन् "बेड" दोन्ही मुद्दाम ठेवलेत, कोण काय टाकून शोधेल सांगता येत नाही.

दिग्रसची_मावशी
पण आमच्याकडची पोरं मराठीत टाईपच करत नाहीत, सगळं Palang असं लिहितात. इंग्रजी अक्षरांतच टाक.

रंधा_पटाशी
पोरं शोधतात, पण पैसे बापाचे, अन् तो मराठी वाचतो. मी शीर्षक मराठीत ठेवतो, वर्णनाच्या पहिल्या ओळीत Sagwan palang टाकतो. ॲप वर्णनात शोधतं की नाही ते ॲपवर आहे.

आर्वीची_ताई
खूण खरंच नागपूरवर होती, भाच्यानं लावली होती. माप आतून घेतलं, लांबी 75 बरोबर, रुंदी पायथ्याशी साडेएकोणसाठ भरते. 5 च लिहू ना?

रंधा_पटाशी
शीर्षकात 5 चालेल, फोमची गादी अर्धा इंच दबते. कापसाची तर बसतेच. कॉयरची असेल तर अडेल, म्हणून वर्णनात साडेएकोणसाठ स्पष्ट लिहा.