मंडईचे सादरीकरण आणि आपले फाटक: सोसायटीच्या ग्रुपवरील चर्चा

आबा (ब-१०१): सर्व सभासदांना सप्रेम नमस्कार. काल सायंकाळी नगरपरिषदेच्या सभागृहात मंडईच्या पुनर्विकासाची जी संकल्पना मांडली गेली, तिच्या अगदी शेवटी, म्हणजे लोक चहाकडे वळू लागल्यावर, एक नकाशा दाखवण्यात आला. बांधकाम चालू असताना चोवीस महिने 'तात्पुरती मंडई' आपल्या फाटकासमोरच्या पटांगणात भरेल, असे त्यात आहे. मंगळवारच्या बाजारामुळे माझी गाडी बाहेर निघत नाही, हे मी या ग्रुपवर किती वर्षे लिहीत आहे ते सर्वांना ठाऊक आहे. तात्पुरती मंडई आपल्या फाटकासमोर नको, एवढेच माझे म्हणणे आहे.

सचिव: आबा, आपले म्हणणे पोचले. सर्वांना विनंती आहे की विषय मंडईपुरताच ठेवावा, कारण पाण्याच्या टाकीच्या चर्चेतून मागे जे झाले ते अजून निस्तरलेले नाही. अण्णा काल पहिल्या रांगेत वही घेऊन बसले होते, असे कळले. भाषणात नेमके काय सांगितले गेले, ते त्यांनी कृपया लिहावे.

अण्णा (क-३०२): लिहितो. सल्लागार वास्तुविशारदांचे भाषण पाऊण तासाचे होते आणि सुरुवात रास्त होती. सध्याच्या शेडचे पत्रे गंजले आहेत, पन्हाळी फुटल्यामुळे पावसाळ्यात मधल्या ओळीतल्या ओट्यांवर पाणी गळते आणि माल उतरवायला जागा नसल्याने टेम्पो रस्त्यातच उभे राहतात, हे त्यांनी छायाचित्रांसह दाखवले. यावर कोणाचा वाद असण्याचे कारण नाही. त्यानंतर त्यांनी नवी इमारत दाखवली. तळघरात वाहनतळ, तळमजल्यावर रस्त्याकडे तोंड केलेले गाळे, पहिल्या मजल्यावर भाजी व फळे, दुसऱ्या मजल्यावर कार्यालये आणि गच्चीवर खाद्यदालन. नगरपरिषदेला एक रुपयाही खर्च येणार नाही, असे ते तीन वेळा म्हणाले आणि तिन्ही वेळा टाळ्या पडल्या.

चिनू (ड-४०३): मी ते चित्र पाहिले. त्यात झाडे आहेत, कारंजे आहे, ढकलगाडी घेऊन हसत चाललेल्या बायका आहेत, परंतु एकही गाय नाही. आपल्या मंडईचे चित्र गाईशिवाय काढणाऱ्याने मंडई पाहिलेली नाही, असे माझे नम्र मत आहे.

माई (अ-२०४): गाईचे राहू द्या, चित्रात टोपली घेऊन बसलेली एकही बाई नव्हती. मी प्रश्न विचारायला हात वर केला, तेव्हा प्रश्न लेखी द्यावेत असे सांगण्यात आले. रोज गुडघे धरून मंडईत जाणाऱ्या माझ्यासारखीने पावशेर मिरची आणि कोथिंबिरीची जुडी घ्यायला जिना चढायचा का, एवढेच मला विचारायचे होते.

शेठ (ब-००२): माई, सरकता जिना आहे, तो आपण पाहिला नाही. प्रत्येक चांगल्या कामात आधी खोट काढायची, ही आपल्या गावाची जुनी सवय आहे.

माई (अ-२०४): शेठ, आपला कापडाचा गाळा तळमजल्यावरच राहणार आहे, म्हणून आपल्याला काम चांगले दिसते. आपल्या सोसायटीची लिफ्ट महिन्यातून किती दिवस चालते, हे सचिवांना विचारा.

सचिव: लिफ्टचा विषय इथे नको, ही नम्र विनंती.

अण्णा (क-३०२): भाजी वरच्या मजल्यावर का गेली, हे समजून घेतल्याशिवाय पुढे बोलण्यात अर्थ नाही. नगरपरिषदेला खर्च नाही, याचा अर्थ खर्चच नाही असा होत नाही. खासगी विकासक पैसे घालणार आणि गाळ्यांचे अधिमूल्य व पुढच्या तीस वर्षांचे भाडे यांतून ते काढून घेणार. रस्त्याला लागून असलेल्या तळमजल्याच्या जागेला सर्वांत जास्त भाव असतो, आणि दिवसाची बाजार फी भरून ओट्यावर बसणारी बाई तो भाव देऊ शकत नाही. त्यामुळे तळमजला जो विकत घेऊ शकतो त्याला दिला गेला आणि उरलेली जागा भाजीला मिळाली. हे कोणा एकाचे कारस्थान नाही, हिशेबाचा कल आहे. तो भाषणात सांगायला हवा होता. तो वगळून कारंज्याला दहा मिनिटे दिली गेली.

आबा (ब-१०१): आपण सर्वजण मूळ मुद्द्यापासून दूर जात आहात. तात्पुरती मंडई आपल्या फाटकासमोर नको.

अण्णा (क-३०२): आबा, आपल्याच मुद्द्याकडे येतो आहे, थोडा धीर धरा. मालाच्या लिफ्टचा हिशेब मी रात्री मांडला. मंडईत आज १४८ ओटे आहेत. प्रत्येकीचा सकाळचा माल सरासरी १०० किलो धरला, तर पहिल्या मजल्यावर १४,८०० किलो चढवावे लागतील. एक टनाची लिफ्ट कागदावर १,००० किलो नेते, परंतु प्लास्टिकचे भरलेले क्रेट वीसएक किलोचे असतात आणि हमालाला उभे राहायला जागा ठेवली की तीसच्या वर क्रेट मावत नाहीत, म्हणजे खेपेला ६०० किलो. भरणे, चढणे, रिकामे करणे आणि परत येणे याला सहा मिनिटे धरली, तर पंचवीस खेपांना अडीच तास लागतात. पहाटे पाचला लिलावाचा माल आला, तर शेवटच्या ओट्यावर तो साडेसातला पोचणार आणि तोवर गिऱ्हाईक येऊन गेलेले असणार. हातगाडीसाठी उतार करावा म्हटले, तर मजल्याची उंची ४.२ मीटर आहे आणि बारास एक असा सोसवणारा उतार धरल्यास त्याची लांबी पन्नास मीटर भरते. नकाशात असा उतार कुठेही दाखवलेला नाही.

डॉक्टर (अ-३०१): यात पाण्याचाही विचार व्हावा. पालेभाजीवर दिवसभर पाणी मारतात आणि संध्याकाळी ओटे धुतात. वरच्या मजल्याच्या फरशीला नीट ढाळ आणि खाली जलरोधक थर नसेल, तर ते पाणी थेट खालच्या कापडाच्या गाळ्यात उतरेल.

चिनू (ड-४०३): म्हणजे शेठना कापडाबरोबर मेथीचा रंगही फुकट मिळेल.

शेठ (ब-००२): थट्टा करणे सोपे आहे. तळमजल्यावर गाळे नसतील तर एकही विकासक निविदा भरणार नाही आणि मग आपण सर्वजण आणखी वीस वर्षे गळक्या पत्र्याखाली उभे राहून भाजी घेऊ, हेही कोणीतरी लिहावे.

अण्णा (क-३०२): शेठ, आपले हे म्हणणे बरोबर आहे आणि ते मी नाकारत नाही. म्हणूनच माझी मागणी एवढीच आहे की दोन पर्यायांचे जमाखर्च शेजारी शेजारी मांडावेत. एकात काल दाखवलेली रचना असावी. दुसऱ्यात रस्त्याच्या बाजूला गाळ्यांची एकच ओळ, तिच्यामागे तळमजल्यावरच भाजीचे ओटे, आणि वर वेगळ्या जिन्याने जाता येतील अशी कार्यालये असावीत. दुसऱ्यात अधिमूल्य कमी येईल. किती कमी येईल आणि ती तूट शासनाच्या अनुदानातून भरता येईल का, हा आकडा पाहून गावाला ठरवता येईल.

सर (अ-१०३): या प्रसंगी पुण्याच्या मंडईची आठवण होते. शनिवारवाड्यासमोर उघड्यावर भरणारा बाजार तिथून हलवून १८८६ मध्ये 'रे मार्केट'च्या इमारतीत नेला गेला. मधला अष्टकोनी मनोरा आणि त्याच्या भोवती पसरलेल्या पाखा अशी तिची रचना असल्यामुळे अनेक बाजूंनी आत शिरता येते. नगरपालिकेचे सदस्य असताना जोतीराव फुले यांनी मंडईवरच्या त्या मोठ्या खर्चाला विरोध केला होता आणि तो पैसा शिक्षणावर खर्च व्हावा असे त्यांचे मत होते. पुढे त्याच इमारतीला त्यांचे नाव देण्यात आले.

आबा (ब-१०१): सर, पुण्यात कोणाच्या फाटकासमोर तात्पुरती मंडई भरवली होती का, तेवढे सांगा.

माई (अ-२०४): मला भीती वेगळीच आहे. वर जागा मिळाली तरी एक दिवस कोणीतरी गिऱ्हाईक नाही म्हणून टोपली घेऊन पायरीवर येऊन बसेल. पायरीवरची भाजी आधी संपते हे दुसरीला दिसले की तीही खाली येईल, आणि महिन्याभरात वरचा मजला रिकामा व रस्ता भरलेला, अशी स्थिती होईल. मग अतिक्रमण हटवणारी गाडी येईल आणि सर्वजण म्हणतील की या बायकांना शिस्तच नाही.

वकील मॅडम (क-२०१): माईंच्या मुद्द्याला जोडून एक शब्द लक्षात आणून देते. भाषणात 'सर्व पात्र ओटेधारकांचे पुनर्वसन' असे म्हटले गेले. पात्र कोण, हे सांगितले गेले नाही. करार फक्त आतल्या ओट्यांचे आहेत. शेडबाहेर बसणाऱ्यांकडे रोजच्या पावतीखेरीज कागद नाही आणि त्या पावत्या कोणी जपून ठेवत नाही. पथविक्रेत्यांच्या २०१४ च्या केंद्रीय कायद्यानुसार सर्वेक्षण पूर्ण होऊन विक्री प्रमाणपत्रे दिली जाईपर्यंत कोणालाही हटवता येत नाही, आणि नगर पथविक्रेता समितीत किमान चाळीस टक्के सदस्य विक्रेत्यांमधून निवडलेले असावे लागतात. सर्वेक्षणाची यादी नकाशाच्या आधी यायला हवी. ओट्यांची संख्या त्या यादीवरून ठरते, चित्रावरून नव्हे.

शेठ (ब-००२): मग यादी होईपर्यंत पाच वर्षे जातील.

वकील मॅडम (क-२०१): यादी न करता केलेल्या कामाला न्यायालयातून स्थगिती आली, तर त्याहून जास्त जातील.

आबा (ब-१०१): पुन्हा एकदा लिहितो. तात्पुरती मंडई आपल्या फाटकासमोर नको, एवढेच माझे म्हणणे आहे आणि त्यावर अजून कोणीही एक ओळ लिहिलेली नाही.

अण्णा (क-३०२): आता तीच ओळ लिहितो. मी भाषणानंतर वास्तुविशारदांना गाठून विचारले की शेड अर्धी पाडून अर्धी चालू ठेवत दोन टप्प्यांत काम का करत नाही. शेडच्या मधोमध सांधा आहे, दोन्ही भाग आपापल्या खांबांवर स्वतंत्र उभे आहेत, त्यामुळे तसे करता येते. ते म्हणाले की इमारतीपुरते पाहिले तर निश्चित करता येईल, फक्त वेळ वाढेल. अडचण तळघराची आहे. वाहनतळासाठी सगळ्या भूखंडाखाली चार मीटर खोल खणायचे असल्यामुळे निम्मी मंडई खड्ड्याच्या कडेवर चालू ठेवणे धोक्याचे आहे. म्हणून सर्व विक्रेते एकदम हलवावे लागतात आणि म्हणून आपल्या समोरचे पटांगण लागते. तळघर वगळले तर तात्पुरत्या मंडईची गरजच उरत नाही.

आबा (ब-१०१): मग तळघर वगळावे. इतके सोपे असताना ते कोणी घातले?

चिनू (ड-४०३): मागच्या दिवाळीत मंडईखाली वाहनतळ व्हावा, असे निवेदन आपल्या सोसायटीतून गेले होते. त्यावर पहिली सही ब-१०१ ची आहे. निवेदनाचे छायाचित्र याच ग्रुपवर आहे, वर सरकवून पाहावे.

सचिव: वैयक्तिक उल्लेख टाळावेत. हरकती व सूचना लेखी देण्याची मुदत पंधरा दिवसांची आहे. वकील मॅडम आणि अण्णा यांनी मिळून मसुदा करावा. त्यात भाजी तळमजल्यावर ठेवण्याच्या पर्यायाचा जमाखर्च, सर्वेक्षणाची यादी आणि दोन टप्प्यांतले बांधकाम, या तीन मागण्या असाव्यात, असे मी सुचवतो. कोणाची हरकत असल्यास आज रात्रीपर्यंत कळवावे.

शेठ (ब-००२): पहिल्या मागणीला माझी हरकत नोंदवावी. दुसऱ्या दोनांवर मी सही करीन.

माई (अ-२०४): शेठ, सहीसाठी मी स्वतः दुकानावर येते. तळमजल्यावर आहे, म्हणून येता येईल.

आबा (ब-१०१): तळघर वगळल्यास आपल्या गाड्या मंगळवारी कुठे उभ्या करायच्या, याचाही मसुद्यात विचार व्हावा. बाकी तात्पुरती मंडई आपल्या फाटकासमोर नको, हे कायम आहे.