शब्दचर्चा: ‘अभिजन’ म्हणजे कोण, आणि ‘बहुसत्ता’ कुणाची?

नेट-सेटवाली, परभणी
राज्यशास्त्रात ‘अभिजनवाद’ आणि ‘बहुसत्तावाद’ ही जोडी येते. कोशात अभिजन म्हणजे कुलीन, खानदानी. मग अभिजनवाद म्हणजे वरच्या जातीचं राज्य आणि बहुसत्तावाद म्हणजे बहुमताचं राज्य, असं लिहिलं तर चालेल का?

जालनेकर
मराठीला तो दर्जा 3 ऑक्टोबर 2024 रोजी मिळाला की! जुनं साहित्य दाखवावं लागतं त्याला.

नेट-सेटवाली
दादा, ते अभिजात. मी अभिजन विचारतेय.

निवृत्त मास्तर, अंबाजोगाई
कुलीन हा अर्थ इथं सोडून द्या. अभिजनवाद मांडणाऱ्या पॅरेटोच्या लेखी ज्या त्या क्षेत्रात जे सगळ्यांत वरचढ, ते तिथले अभिजन. जुने झिजतात, खालून नवे चढतात, यावरच त्याचा भर. आपल्याकडं गढीवरचे मागं पडले आणि कारखान्याचे चेअरमन पुढं आले, ते याच प्रकारचं. (कुठं कुठं घर तेच राहिलं, फक्त पाटी बदलली, तो भाग वेगळा.)
बहुसत्ता म्हणजे बहुमत तर मुळीच नाही. बहुसत्तावाद्यांच्या मते बहुमत क्वचितच राज्य करतं. एका प्रश्नात एका गटाचं चालतं, दुसऱ्यात दुसऱ्याचं. आणि जपून, सार्वभौमत्वाच्या धड्यात लास्कीच्या नावापुढंही हाच शब्द दिसेल. तिथला वाद राज्यसंस्था विरुद्ध इतर संघटना असा आहे.

औसेकर
पण मूठभर अभिजन राज्य करतात की वेगवेगळे गट, हा वाद मिटलाय ना सर? रॉबर्ट डालनं अमेरिकेतलं न्यू हेवन शहर तपासून 1961 मध्ये सिद्ध केलं की एकच टोळी राज्य करत नाही. अभिजनवाद तिथंच संपला.

निवृत्त मास्तर
अर्धं बरोबर. डालनं शहराची पुनर्बांधणी, शाळा आणि पक्षाच्या उमेदवाऱ्या असे तीन विषय घेतले. ठराव कुणी मांडला, कुणी अडवला, शेवटी कुणाचं झालं, हे बघितलं. महापौर रिचर्ड लीसारखे अपवाद सोडले तर प्रत्येक विषयात माणसं वेगळी निघाली. त्याआधी फ्लॉइड हंटरनं अटलांटात जाणत्या लोकांना विचारलं होतं, ‘इथं वजन कुणाचं?’ त्यातून 40 जणांची यादी निघाली, बहुतेक व्यापार-उद्योगातले. ते पुस्तक 1953 चं. नावं विचारली की टोळी सापडते, निर्णय तपासले की गट सापडतात. मग शहरं वेगळी होती की मोजमाप, सांगा.

माजी सरपंच, सेनगाव तालुका
माझं सांगते. पाच वर्षं सह्या माझ्या, खुर्चीत आमच्या घरातले. म्हून पदावरून काही ठरवू नका. पण मास्तरांच्या त्या रीतीनं बघितलं तर घरकुलाच्या यादीवर वॉर्डाचे मेंबर भांडले अन् त्यांचंच झालं. रस्त्यात ठेकेदार अन् वरचा पुढारी. शाळेच्या खोल्यांला पालकांनी तालुक्याला चकरा मारल्या. तिन्ही ठिकाणी माणसं वेगळी. म्हंजे आमचं गाव बहुसत्तावादी झालं का?

निवृत्त मास्तर
ताई, त्या पाच वर्षांत ग्रामसभेत उसाच्या पाण्याचा विषय किती वेळा निघाला?

माजी सरपंच
कधीच नाही. टँकरचा दर उन्हाळ्याला निघायचा. कुणाचं बोअर किती खोल, हे कोण विचारील?

निवृत्त मास्तर
नेमकं हेच बॅकरॅक आणि बॅरट्झ यांनी 1962 मध्ये डालच्या पुढं ठेवलं. सत्तेचा दुसरा चेहरा म्हणजे विषय सभेपर्यंत येऊच न देणं. पुढं क्रेन्सन या अभ्यासकानं इंडियाना राज्यातली शेजारची दोन पोलादी शहरं ताडून बघितली. धूर दोन्हीकडं. ईस्ट शिकागोनं 1949 मध्ये धुराविरुद्ध नियम केला, गॅरीनं थेट 1962 मध्ये. गॅरीत यू. एस. स्टील ही एकच मोठी कंपनी, शहर तिनंच वसवलेलं. तिनं फार विरोधही केला नाही, तिचा दबदबाच पुरेसा होता. डालच्या वहीत अशा न झालेल्या ठरावाला रकाना नाही.

औसेकर
पण सर, न घडलेली गोष्ट मोजायची कशी? विषय दाबला गेला की लोकांनाच नको होता, हे कळणार कसं? आमच्याकडं 2016 ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, तरी ऊस गेला नाही. कारखान्याच्या भीतीनं नव्हे, हमखास भाव मिळतो म्हणून लावतात. मीही लावतो.

निवृत्त मास्तर
बहुसत्तावाद्यांचा आक्षेप हाच होता आणि तो तगडा आहे. क्रेन्सनला धूर तरी दोन्हीकडं सारखा मिळाला, म्हणून तुलना जमली. तुमच्यासारखंच पाऊसमान असलेलं पण विषय निघालेलं गाव दाखवा, मग बोलता येईल.

माजी सरपंच
विषय काढणारी एक बाई होती. ऊस नव्हता तिला, हंडा होता. सभेत तिला म्हणले, अजेंड्यावर नाही, बसा खाली. इतिवृत्तात तेही लिहिलं नाही.

नेट-सेटवाली
या प्रकाराला मराठीत काय म्हणायचं? ‘अनिर्णय’ लिहिलं तर निर्णय घेता आला नाही असं वाटतं.

निवृत्त मास्तर
अनिर्णय नकोच. मी ‘विषयबंदी’ सुचवतो, पण त्यात कुणीतरी हुकूम काढल्याचा वास येतो आणि गॅरीत हुकूम नव्हता. दुसरं कुणी सुचवा.