अनुभव धागा: पाच वर्षांच्या मुलांना ‘वाटून घे’ न म्हणता सांगितलेली झोपतानाची गोष्ट

उंबरठा (धागा काढणारा)

मुलगा पाच वर्षांचा, धाकटी दोनची. तिनं त्याच्या डब्यातल्या गाड्यांना हात लावला की घर डोक्यावर. म्हणून मी रात्री एक गोष्ट रचली. एका ससोबाकडे दोन गाजरं असतात, तो एक मित्राला देतो आणि दुसऱ्या दिवशी त्याला टोपलीभर गाजरं मिळतात. चिरंजीव शांतपणे ऐकत होते. सकाळी धाकटीच्या हातात एक मोडकी गाडी ठेवली आणि माझ्याकडे वळून विचारलं, "आता टोपली कधी येणार?"

तेव्हापासून ससोबा रजेवर आहे. पुस्तकांच्या याद्या नकोत. तुम्ही स्वतः सांगितलेली गोष्ट लिहा, आणि मूल त्यावर काय म्हणालं तेही. फसलेल्या गोष्टी तर आवर्जून.

ताकभात

आमच्याकडे चिऊ-काऊ. शेणाचं घर, मेणाचं घर, पाऊस आला, काऊचं वाहून गेलं. लहानपणापासून ऐकलेली, म्हणून बिनधास्त सांगत होते. "थांब, माझ्या बाळाला अंघोळ घालते, थांब, माझ्या बाळाला तीट लावते" हे लेकीला पाठ. साडेचार वर्षांची झाली तेव्हा एका रात्री मधेच उठून बसली. "आई, तीट लावायला किती वेळ लागतो? दार उघडून मग लाव म्हणावं." मला उत्तर सुचेना. इतकी वर्षं ही गोष्ट दार न उघडण्याची आहे हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं!

आता चिऊ दाराला कान लावते, बाहेर काऊच्या पंखांतून पाणी टपटप गळत असतं, आणि ती बाळाला कडेवर घेऊन तशीच दार उघडते. अंघोळ अर्धवट, साबण बाळाच्या डोक्यावर. लेक या साबणावर खूप हसते. सासूबाईंना मात्र पटलेलं नाही. त्यांच्या गोष्टीत शेवटी काऊला चटका बसतो आणि तो बसलाच पाहिजे, असं त्यांचं मत आहे.

रात्रपाळी

आमचा अकरापर्यंत झोपतच नाही. गोष्ट संपली की "अजून एक". कोणी उपाय सांगेल का? दूध, तेल, सगळं करून झालं.

उंबरठा

रात्रपाळी, त्याचा वेगळा धागा काढा, तिथे मीही येतो. आमच्याकडेही दहा होतात.

थंडीतला प्रवासी

मी टोरांटोत असतो. इथे 2017 च्या सुमारास यावर एक प्रयोग झाला होता. 4 ते 6 वर्षांच्या मुलांना वाटून घेण्याची तीच गोष्ट वाचून दाखवली, काहींना माणसांची, काहींना कपडे घातलेल्या प्राण्यांची. नंतर मुलांजवळचे स्टिकर दुसऱ्या मुलांसाठी द्यायला सांगितले. माणसांची गोष्ट ऐकलेल्यांनी जास्त दिले, प्राण्यांची ऐकलेल्यांनी कमी. त्यामुळे उंबरठा, तुमचा ससाच चुकला. प्राणी बंद करा, काम होईल.

पाटीपेन्सिल

तीस वर्षं बालवाडीत होते, म्हणून जरा लांबण लावते.

प्रवासी, तो प्रयोग मीही वाचलाय. ज्या मुलांना ते प्राणी माणसांसारखेच वाटले, त्यांनी जास्त दिलं होतं. शिवाय मोजणी गोष्ट संपल्यासंपल्या केली होती, आठवड्यानंतर नाही. तेव्हा बिचाऱ्या सशाला एवढ्यावर घालवू नका. उंबरठांच्या गोष्टीत खोट टोपलीत आहे. पाच वर्षांचं मूल हिशेबाला पक्कं असतं. एक द्या, दहा मिळवा म्हटलं की ते सावकारी शिकतं.

माझी नेहमीची गोष्ट नमीच्या गोधडीची. नमी थंडीत आजीकडे जाते. आजीनं जुन्या लुगड्यांची गोधडी शिवलेली, लाल चौकोनाची, एकच. रात्री उशिरा मामेभाऊ बाळू येतो आणि शेजारी चटईवर निजतो. नमी गोधडी नाकापर्यंत ओढते. ‘ही माझी.’ अंधारात आवाज येतो, कट कट कट. काय असेल? उंदीर? नाही. दार? नाही. बाळूचे दात. नमी कूस बदलते. कट कट कट. डोक्यावर गोधडी घेते. तरी कट कट कट. मग ती एक टोक बाळूकडे सरकवते. फक्त एक टोक. कट... कट. अजून थोडी सरकवते. आवाज थांबतो. पण आता नमीचा पायाचा अंगठा बाहेर! आत घ्यावा तर बाळूचा खांदा उघडा पडतो. सकाळी आजी बघते तर एका गोधडीतून दोन डोकी आणि एक अंगठा बाहेर.

संपली. ‘कट कट’ दर वेळी हळू म्हणायचं, शेवटचं तर जेमतेम ऐकू येईल असं. मुलं त्या आवाजावरच पेंगतात.

यात नमी लगेच देत नाही, ते महत्त्वाचं. ‘ही माझी’ म्हणताना वर्गातली मुलं हमखास मान हलवायची, कारण ते त्यांच्याच मनातलं असतं. पहिल्याच वाक्याला सगळं देऊन टाकणारी शहाणी नमी त्यांना परकी वाटते. आणि अंगठा गारच राहतो. तो मी कधीही आत घेत नाही. द्यायचं म्हणजे थोडं कमी पडतंच, हे मुलांपासून लपवण्यात अर्थ नाही, त्यांना ते ठाऊक असतं.

माझ्या दोन चुकाही सांगते. सुरुवातीची कित्येक वर्षं मी शेवटी विचारायची, "मग नमी कशी मुलगी होती?" सगळा वर्ग एका सुरात "चांगलीऽऽ", आणि गोष्ट तिथेच मेलेली. प्रश्न बंद केला तेव्हा पोरं आपणहून विचारायला लागली, अंगठा काळा पडला का, आजीनं दुसरी गोधडी का नाही शिवली. दुसरी चूक नातवाशी केली. दुपारी सायकलवरून भांडण झालं आणि रात्री मी गोष्ट काढली ‘एका मुलाकडे सायकल होती’ अशी. त्यानं पांघरूण तोंडावर ओढलं आणि म्हणाला, "मला माहितीये तो मीच आहे." आता भांडणानंतर तीन-चार दिवस जाऊ देते, आणि वस्तूही बदलते. सायकलीसाठी गोधडी.

वेशीवरची

आईकडून ऐकलेली खुलभर दुधाची कहाणी मी श्रावण नसतानाही सांगते. राजाला गाभारा दुधानं भरायचा असतो, गावचं सगळं दूध येतं, तरी भरत नाही. म्हातारी घरातल्या मुलांना, वासराला पाजून उरलेलं खुलभर दूध नेते आणि गाभारा भरतो. मूळ कहाणीत ती राजाला कारण समजावून सांगते. तेवढं मी गाळते. जुळ्यांना वासरू दूध पितानाचा लुचुलुचु आवाज काढायला आवडतो, तिथे पाच मिनिटं जातात.

पण पाटीपेन्सिल, तुमच्या हिशेबानं ही पण टोपलीच झाली की. थोडं दिलं, गाभारा भरला.

पाटीपेन्सिल

म्हातारीला स्वतःला काय मिळालं? गाभारा देवाचा भरला. ...पण हो, विचार करायला लावलंत.

उंबरठा

काल नमी सांगितली. कट कटला धाकटीनं खरोखर दात वाजवून दाखवले. थोरल्यानं विचारलं, "अंगठा गार पडला?" म्हटलं, हो. "मग?" म्हटलं, मग काही नाही. बराच वेळ गप्प होता.

गाड्यांच्या डब्याला आज सकाळीही कुलूपच होतं. झोपताना मात्र पांघरुणाबाहेर एक अंगठा काढून ठेवला होता, आणि मी आत घ्यायला गेलो तर ओरडला.

ताकभात

आमच्या सासूबाईंना ही गोष्ट वाचून दाखवली. म्हणाल्या, बाळूला चटईवर कशाला निजवलं मुळात? आजीची चूक आहे.