मदत हवी आहे: जुन्याच कंपनीत परत लागलो, रेझ्युमेत कसं दाखवू?

जळगाव एमआयडीसीत एका चटईच्या कंपनीत जून 2017 ते ऑगस्ट 2020 स्टोअरला होतो, मग वडिलांना लकवा झाला म्हणून सोडलं आन रावेरला केळीचं सगळं मीच पाहिलं, त्यातच रात्री बसून टॅली आन एक्सेल शिकलो. मार्च 2022 ला त्याच कंपनीनं परत बोलवलं, आता स्टोअर इन्चार्ज आहे, प्लास्टिक दाण्याच्या गोण्यांचा रजिस्टरवरचा स्टॉक मीच एक्सेलमधे आणला.

आता नाशिकला अर्ज करायचाय. मित्र म्हणतो सरळ 2017 पासून आजपर्यंत एकच तारीख टाक. मला ते पटत नाही, पीएफच्या रेकॉर्डला सोडल्याची तारीख आहे, व्हेरिफिकेशनला लगेच दिसंल आन खोटं बोलल्यासारखं होईल.

मी असं केलंय, कंपनीचं नाव एकदाच, खाली दोन पदं आपापल्या तारखांसह, नवं पद वर. मधे एक ओळ, "सप्टेंबर 2020 ते फेब्रुवारी 2022: वडिलांचं आजारपण, घरची केळी शेती, टॅली व एक्सेल".

भाऊ-ताई, एचआरमधे कोणी असंल तर सांगा, ब्रेकची ओळ दोन पदांच्या मधेच ठेवू का वेगळी? आन टॅली कौशल्यांत लिहू का ब्रेकमधेच, कारण कामावर टॅली अजून वापरलेलं नाही.