मदत हवी: उद्या पेस्ट कंट्रोल, किती वेळ बाहेर राहायचं?

रेवती: उद्या सकाळी फवारायला माणूस येतोय. मला सातवा महिना आहे, सासूबाईंना दमा. तो म्हणतो, दोन तासांनी आत या. चालेल का? त्याला आज रात्रीच कळवायचंय.

आबा: किडा कुठला? औषध कुठलं? त्याशिवाय काय सांगणार?

सुहास: हर्बल करून घ्या. आमचं बाळ लहान असताना तेच केलं, तासाभरात घरात होतो.

किरण: हर्बल असलं तरी दम्याला चालेलच असं नाही. उग्र वासाच्या तेलानेही धाप लागते.

रेवती: झुरळं आहेत, फक्त स्वयंपाकघरात. सायपरमेथ्रिन मारणार म्हणाला. आणि हो, जाऊबाईंचा दहा महिन्यांचा मुलगाही आहे, रांगतो.

किरण: हे आधी सांगायचं ना ताई! मी बरीच वर्षं हेच काम करतो. नुसत्या झुरळांसाठी फवारणी कशाला? जेल लावायला सांगा. बिजागऱ्यांत, ओट्याखालच्या फटींत, बाळाचा हात पोचणार नाही तिथे बारीक ठिपके. हवेत काही उडत नाही. झुरळं कमी व्हायला आठवडाभर लागतो आणि ठिपक्यांजवळ फिनाईल किंवा स्प्रे मारायचा नाही, नाहीतर ती जेल खातच नाहीत.

फवारणीच करायची ठरली तर दोन तास हा औषध सुकायचा वेळ झाला. तुम्ही, सासूबाई आणि बाळ दुसऱ्या दिवशीच या. त्याआधी घरातल्या धडधाकट माणसाने खिडक्या उघडून पंखे लावावेत, ओटा साबणाने पुसावा, बाळ रांगतं ती फरशी दोनदा पुसावी. भिंतीलगतच्या कडा मात्र राहू द्या, औषध तिथेच काम करतं.

आबा: कडा राहू द्या? रांगतं पोर कडेलाच जाऊन बसतं आणि हात तोंडात घालतं. सगळं पुसा.

किरण: मग फवारणीचा उपयोग काय, आबा? म्हणूनच जेल म्हणतोय. आणि मेलेली झुरळं झाडूने झाडू नका. त्यांच्या भुकटीनेच दमा उसळतो. ओल्या फडक्याने उचला, सासूबाईंनी नाही. त्यांचा पंप बरोबर असू द्या. औषधाच्या बाटलीवरच्या लेबलचा फोटोही काढून ठेवा. त्रास झालाच तर डॉक्टर पहिलं तेच विचारतात.

मीना: आमच्याकडे ढेकूण आहेत. शेजारी धान्यात ठेवायच्या गोळ्या गादीखाली ठेवायला सांगतायत. किती ठेवू?

किरण: एकही नाही! त्यातून फॉस्फीन वायू सुटतो. बंद खोलीत माणसं दगावतात, भिंतीच्या फटीतून शेजारच्या घरातही जातो. आधीच ठेवल्या असतील तर त्यांना हात लावू नका, पाणी टाकू नका. सगळ्यांना घेऊन आत्ता बाहेर पडा, शेजाऱ्यांनाही उठवा आणि अग्निशमन दलाला फोन करा.

मीना: नाही ठेवल्या अजून. उद्या परत करते.

रेवती: त्याला फोन केला. त्याच्याकडे जेल नाही, फवारणीच करतो म्हणाला. उद्याचं रद्द केलंय. जेल लावणारा कुणी मिळेपर्यंत भांडी कपाटातून काढून ठेवायची का?

आबा: जेलला गरज नाही. आणि तुम्ही तर मुळीच वाकू नका.